गिंबलवर चढवण्याआधी फोन काट्यावर चढवा

गेल्या पावसाळ्यात माझी भाची मुलुंडहून घरी आली ती पाठपिशवीत नवाकोरा गिंबल, म्हणजे फोन स्थिर धरणारी मोटरवाली मूठ, घेऊनच. ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी वाढदिवसाला दिलेला. "मामा, आता फक्त फोन घ्यायचाय. कॅमेरा चांगला असला की झालं ना?" तिने विचारलं. मी तिला आधी गिंबलच्या खोक्याची मागची बाजू वाचायला सांगितली. तिथे बारीक अक्षरात तीन आकडे होते. वजन १७० ते २९० ग्रॅम, जाडी ६.९ ते १० मिलिमीटर, रुंदी ६७ ते ८४ मिलिमीटर. डीजेआयच्या ऑस्मो मोबाइल ६ची ही मर्यादा. इतर गिंबलांचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण असे आकडे बहुतेकांवर असतात, आणि गिंबलसाठी फोन घेताना सुरुवात तिथूनच करायची असते. कॅमेऱ्याचा विचार त्यानंतरचा.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. भाचीसोबत आम्ही ज्या क्रमाने गेलो, त्याच क्रमाने लिहितो.

पायरी १ : चालायचंय की थांबायचंय?

भाचीची कामं दोन होती. रविवारी सकाळी गिरगावात खोताची वाडी आणि आजूबाजूच्या चाळी चालत चालत दाखवायच्या. आणि महिन्यातून दोनदा आजीच्या भजनी मंडळाचा दीड तासाचा कार्यक्रम सलग टिपायचा. पहिलं काम गिंबलचं, दुसरं ट्रायपॉडचं.

ट्रायपॉडला फोन दीडशे ग्रॅमचा की अडीचशेचा, याने काही बिघडत नाही. गिंबलला मात्र तीस ग्रॅमनेही फरक पडतो. म्हणून दोन्ही कामं एकाच फोनवर करायची असतील, तर फोनच्या आकाराचा निर्णय गिंबलवर सोडा आणि साठवण, तापणं, झूम या गोष्टी ट्रायपॉडच्या बाजूने तपासा.

पायरी २ : सगळ्या साजासकट वजन करा

कंपनी सांगते ते वजन उघड्या फोनचं. प्रत्यक्षात गिंबलवर फोनसोबत कव्हर, टेम्पर्ड ग्लास, कुणाच्या कव्हरमागे चुंबकाची रिंग आणि आवाजासाठी वायरलेस माइकचा रिसीव्हर एवढं सगळं चढतं. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा असेल तर उत्तम. नसेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे वेलची-केशर मोजायचा काटा असतो, त्यावर ठेवून बघा. माझ्याकडची साधी सिलिकॉनची कव्हरं २५ ते ४० ग्रॅमच्या आसपास भरतात, आणि कोपरे जाड केलेली मजबूत कव्हरं त्याहून बरीच जास्त.

भाचीपुढे दोन वापरलेले फोन होते. एक गॅलॅक्सी एस२४ अल्ट्रा, तिच्या भावाचा, कव्हरसकट. दुसरा ओळखीतल्या एकाचा आयफोन १५. आम्ही दोन्हींचा हिशेब मांडला.

एस२४ अल्ट्राचं उघडं वजन २३२ ग्रॅम. त्यावर ३८ ग्रॅमचं कव्हर, ९ ग्रॅमची ग्लास आणि २० ग्रॅमचा रिसीव्हर. बेरीज २९९. गिंबलची वरची मर्यादा २९०. म्हणजे उघडा फोन आरामात बसणारा, पण रोज ज्या अवस्थेत वापरला जातो त्या अवस्थेत मर्यादेबाहेर. जाडीचंही तेच. फोन ८.६ मिलिमीटरचा, कव्हर घातल्यावर अकराच्या घरात, आणि गिंबलचा फोन पकडणारा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, १०पर्यंतचाच. रुंदी उघड्याची ७९, कव्हरसकट ८३, म्हणजे जेमतेम आत.

आयफोन १५ उघडा १७१ ग्रॅम. पातळ कव्हरसकट १९६. रिसीव्हर लावला तर २१६. जाडी ७.८ची साडेनऊच्या आत राहिली. वजन दोन्ही टोकांपासून दूर, आणि जाडीही मर्यादेच्या आत.

खालची मर्यादा कुणी बघत नाही, पण तीही खरी असते. आयफोन १३ मिनी १४१ ग्रॅमचा आहे. फोन हलका म्हणजे गिंबलला सोपं, असं वाटतं. पण मोटरचा जोर एका ठराविक वजनाच्या पट्ट्यासाठी बसवलेला असतो. फारच हलका फोन लावला तर मोटर गरजेपेक्षा जास्त जोराने दुरुस्ती करते आणि फोन सूक्ष्म थरथरतो. असा छोटा फोन हाताशी असेलच, तर त्याला जाड कव्हर घालून वजन पट्ट्यात आणता येतं. तिथे मात्र जाड कव्हर कामाचं.

मर्यादा ओलांडली की काय होतं, हे मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी मी मोठा फोन जाड कव्हरसकट एका स्वस्त गिंबलवर लावून मरीन ड्राइव्हवर फिरलो. पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. घरी संगणकावर लावलं, तर दिव्यांची रांग सतत बारीक शहारत होती. मुठीजवळची मोटर हाताला गरम लागली होती आणि बॅटरी नेहमीच्या अर्ध्या वेळात संपली होती. मी गिंबल खराब निघाला म्हणून दुकानात परत देऊन आलो. पुढे कळलं, दोष कव्हरच्या वजनाचा होता. मोटर गरम लागणं, मुठीतून गुणगुणल्यासारखा आवाज येणं, वळताना फोन एका बाजूला कलंडून परत येणं, बॅटरी लवकर उतरणं, ही सगळी एकाच गोष्टीची लक्षणं आहेत. मोटरवर झेपण्यापलीकडचा भार पडलाय.

पायरी ३ : तोल बघा, गिंबल बंद ठेवून

वजन मर्यादेत आहे म्हणजे तोल जमला असं नाही. गिंबल म्हणजे तीन मोटरींवर टांगलेली तागडी. तागडी समतोल असेल तर मोटरींना फक्त तुमच्या हाताचे हेलकावे खोडायचे असतात. तोल ढळलेला असेल तर त्यांना आधी फोन सरळ धरून ठेवण्यातच शक्ती घालवावी लागते, आणि मग खऱ्या झटक्याच्या वेळी जोर उरत नाही.

तपासणी सोपी आहे. गिंबल बंद असताना फोन क्लॅम्पमध्ये आडवा बसवा. काही गिंबल उघडताच आपोआप चालू होतात, ते बटण दाबून बंद करून घ्या. आता मूठ उभी धरा आणि फोन सोडा. तो आडवाच राहिला, किंवा अगदी सावकाश थोडासा झुकला, तर तोल ठीक. एक बाजू धपकन खाली गेली, तर क्लॅम्प त्या जड बाजूकडे सरकवा. बहुतेक फोनांत कॅमेऱ्याची बाजू जड असते, कारण भिंगं आणि त्यांना हलवणारे भाग तिथेच एकवटलेले असतात. त्यामुळे क्लॅम्पची योग्य जागा मध्यापासून थोडी कॅमेऱ्याकडे येते. क्लॅम्पवर कॅमेऱ्याची खूण असेल तर ती बाजू कॅमेऱ्याकडेच ठेवायची.

रिसीव्हरची गंमत इथे कळते. २० ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण तो चार्जिंगच्या भोकात, फोनच्या अगदी टोकाला बसतो, मध्यापासून साधारण ८ सेंटिमीटरवर. तागडीच्या हिशेबाने २० गुणिले ८ म्हणजे १६०. फोन आणि रिसीव्हर मिळून २१६ ग्रॅम, म्हणजे तोलाचा बिंदू जवळजवळ पाऊण सेंटिमीटर सरकला. तेवढाच क्लॅम्प सरकवावा लागतो. नाही सरकवला तर फोन सतत एका बाजूला ओढला जातो.

हा सरकवण्याचा उपाय सगळ्या गिंबलांवर डाव्या-उजव्या तोलापुरता चालतो. पुढे-मागे, म्हणजे फोनच्या जाडीच्या दिशेने सरकवायची सोय फोनच्या गिंबलांत बहुधा नसते. म्हणूनच जाडीची मर्यादा वजनाइतकीच मनावर घ्यायची. मागे लांब भिंग लावलं किंवा कव्हरला अंगठी चिकटवली, की तो तोल सुधारायला जागाच उरत नाही.

पायरी ४ : क्लॅम्प नेमका कुठे दाबतो?

या पायरीवर दुकानात कुणी थांबत नाही आणि घरी गेल्यावर सगळे वैतागतात. क्लॅम्पची योग्य जागा मध्याच्या जरा वर, कॅमेऱ्याकडे. आणि फोनची बटणंही तिथेच, बाजूच्या कडेला. आयफोनमध्ये एका कडेला चालू-बंदचं बटण आणि समोरच्या कडेला आवाजाची बटणं. क्लॅम्पने दोन्ही एकदम दाबली गेली, तर फोन आणीबाणीचा पडदा दाखवतो, आणि सेटिंग चालू असेल तर आपत्कालीन कॉलही लावायला निघतो. चित्रीकरण चालू असताना हे झालं तर तो तुकडा गेलाच. ज्या अँड्रॉइड फोनांत सगळी बटणं एकाच कडेला असतात, त्यांत क्लॅम्पची दुसरी बाजू मोकळी मिळते, पण बटणांची बाजू तरीही सांभाळावी लागते.

तोलाची जागा आणि बटणांची जागा एकच निघाली तर तो फोन त्या गिंबलसाठी नव्हे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर तोल किंचित बिघडवून बटण वाचवलेलं चालतं.

त्याच वेळी अल्ट्रावाइड भिंग, म्हणजे पडद्यावर ०.५ लिहिलेलं, चालू करून बघा. फोन आडवा धरून गिंबलचा हात फ्रेमच्या कोपऱ्यात डोकावतोय का? चाळीच्या अरुंद बोळात हेच भिंग सगळ्यात जास्त लागतं. खोताच्या वाडीत दोन घरांमधलं अंतर एवढं कमी, की साध्या भिंगात दारही पूर्ण मावत नाही. भिंग फोनच्या टोकाकडे जितकं जास्त आणि मोटर जितकी दूर, तितकं हे डोकावणं कमी.

चार्जिंगच्या भोकात रिसीव्हर लावून फोन हळूच डावी-उजवीकडे वाकवा. रिसीव्हर हाताला किंवा मोटरला घासत असेल, तर माइकसाठी दुसरा मार्ग शोधा. काही वायरलेस माइक स्वतःच्याच पोटात आवाज साठवतात. सुरुवातीला एक टाळी वाजवायची आणि घरी चित्र-आवाज त्या टाळीवर जुळवायचे. 

पायरी ५ : आता कॅमेरा

दुकानदार पहिल्यांदा मेगापिक्सेलचा आकडा सांगतो. ४के चित्रफितीच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात, म्हणजे सुमारे ८३ लाख. मेगापिक्सेलच्या भाषेत ८.३. फोन ५०चा असो की २००चा, व्हिडिओत शेवटी एवढंच उरतं. त्याऐवजी तीन गोष्टी बघा.

पहिली, स्थिरीकरण बंद करता येतं का. फोन दोन प्रकारे चित्र स्थिर करतो. एकात भिंग किंवा सेन्सर प्रत्यक्ष हलतो. दुसऱ्यात फोन प्रत्येक फ्रेमच्या कडा कापून उरलेलं चित्र इकडेतिकडे सरकवतो. गिंबलवर या दुसऱ्याची गरज नसते, आणि रात्री तो नुकसानच करतो. अंधारात शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये आधीच थोडी पुसटशी रेघ उमटलेली असते. फोन ती फ्रेम सरकवून जागेवर बसवतो, पण रेघ तशीच राहते. परिणामी चित्र जागेवर स्थिर आणि दिवे मात्र पावलागणिक फडफडताना दिसतात. ट्रायपॉडवर वेगळाच घोळ. समोरून कुणी मोठं माणूस गेलं की काही फोनांना वाटतं आपणच हललो, आणि पार्श्वभूमी तरंगल्यासारखी सरकते. आयफोन १४पासून पुढे Settings, Camera, Record Video इथे `Enhanced Stabilization` असतं, ते बंद करा. सॅमसंगमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `Video stabilization` नावाचं बटण बघा. फोन घेण्याआधीच हे बटण सापडतं का ते तपासा.

दुसरी, शटर आपल्या हातात येतं का. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोन ३० फ्रेमवर आणि शटर सेकंदाचा ६०वा भाग असं स्वतःच ठरवून बसला, तर चित्रात आडवे काळे पट्टे वरखाली सरकताना दिसतात. शटर ५०वा किंवा १००वा भाग ठेवला की पट्टे जातात. भजनी मंडळाचा हॉल, लोकलचा डबा, नाट्यगृहाचा व्हरांडा, मुंबईत घराबाहेरही आपण निम्मा वेळ अशाच दिव्यांखाली असतो. म्हणून फोनमध्ये शटर हाताने ठरवायची सोय हवी. ती फोनच्या स्वतःच्या प्रो व्हिडिओमध्ये असते, किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा या मोफत अॅपमध्ये. ते अॅप सगळ्या अँड्रॉइड फोनांवर चालत नाही, त्यामुळे घेण्याआधी खात्री करा. आयफोनवर `Show PAL Formats` चालू केलं की २५ फ्रेमचा पर्याय येतो, आणि २५ फ्रेमला ५०वा भाग हे शटर अगदी बेतून बसतं.

तिसरी, झूम खरं आहे का. या बाबतीत एस२४ अल्ट्रा उजवा होता. त्यात ३ पट आणि ५ पट अशी दोन वेगळी भिंगं आहेत. आयफोन १५मध्ये वेगळं दूरचं भिंग नाही, २ पट चित्र मुख्य सेन्सरच्या मधल्या भागातून काढलं जातं. पण मंद उजेडात बरेच फोन दूरचं भिंग बाजूला ठेवून मुख्य भिंगाचंच चित्र कापून मोठं करतात. हे ओळखायची युक्ती अशी. हॉलसारख्या कमी उजेडात झूमवर जा आणि दूरच्या भिंगावर बोट ठेवा. पडदा काळा झाला तर भिंग खरंच वापरात आहे. चित्र तसंच राहिलं तर फोन तुम्हाला कापलेलं चित्र दाखवतोय. आम्ही भजनाच्या हॉलमध्ये अल्ट्रावर हे करून बघितलं. ५ पटीवर चित्र तसंच राहिलं. भाचीने तिथेच ठरवलं की दूरून झूम करण्यापेक्षा ट्रायपॉड दोन खुर्च्या पुढे नेणं बरं.

एक जाता जाता. गिंबल फक्त वळण्याचे, कलण्याचे हेलकावे खोडतो. पावलांबरोबर होणारं वर-खाली तो खोडत नाही. गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवून चालायची सवय कुठल्याही फोनने भरून निघत नाही.

पायरी ६ : ट्रायपॉडचे प्रश्न

ट्रायपॉडच्या डोक्यावरचा स्क्रू पाव इंची असतो, म्हणजे कारागिरांच्या भाषेत दोन सुती. मोठ्या ट्रायपॉडांवर तीन सुतीही मिळतो, त्यासाठी छोटं पितळी अडॅप्टर येतं. फोनला आटे नसतात, म्हणून मध्ये फोनचा होल्डर लागतो. इथे पैसे वाचवू नका. स्प्रिंगचा प्लॅस्टिक होल्डर गुळगुळीत सिलिकॉन कव्हरवरून हळूहळू सरकतो, आणि दीड तासाच्या कार्यक्रमात कधी सुटला ते कळतही नाही. स्क्रूने आवळायचा धातूचा होल्डर घ्या. कव्हरसकट फोनची रुंदी त्यात बसते का, आणि बटणं मोकळी राहतात का, हे इथेही बघायचंच. चुंबकाचा होल्डर आयफोन १२पासूनच्या बहुतेक आयफोनांना थेट चालतो. बहुतेक अँड्रॉइडला रिंगवालं कव्हर लागतं, आणि मग ती पकड शेवटी कव्हरच्या पकडीइतकीच. उंच ट्रायपॉडवर किंवा वाऱ्यात मी चुंबकावर विसंबत नाही.

वाऱ्याचं म्हणाल तर वरळी सी फेसला संध्याकाळी हलका ट्रायपॉड उभ्या उभ्या थरथरतो. मधला दांडा वर न काढता पाय लांब करा आणि दांड्याच्या खालच्या हुकाला पाठपिशवी अडकवा. पिशवी जमिनीला किंचित टेकलेली हवी, नाहीतर तीच लंबकासारखी डोलते.

साठवणीचा हिशेब आधी करा. आयफोनवर ४के, ३० फ्रेम, हाय एफिशियन्सी या सेटिंगला मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात. दीड तासाचे ९० मिनिटं, म्हणजे १५ जीबीच्या वर. १०८०पी, ३० फ्रेमला मिनिटाला ६० एमबी, म्हणजे साडेपाच जीबीच्या आत. १२८ जीबीच्या फोनात आधीचे फोटो आणि व्हॉट्सअॅपचा गाळ धरून मोकळी जागा किती उरते, ते बघून ठरवा. भाचीने भजनासाठी १०८०पी धरलं. घरच्यांना पाठवायला तेवढं पुरतं.

आणि तापणं. अॅपल आयफोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हवामान सांगते. मे महिन्यात दुपारी गॅलरीत हा आकडा सहज गाठला जातो. सलग चित्रीकरणात फोन स्वतःची उष्णताही वाढवत असतो. पडदा आपोआप मंद झाला की समजायचं, फोन वैतागलाय. यापुढचा टप्पा म्हणजे चित्रीकरण बंद. कव्हर काढा, पडद्याचा उजेड कमी करा, चार्जिंगला लावून ठेवू नका, आणि जमलं तर पंख्याचा झोत फोनच्या पाठीवर येऊ द्या, माइक मात्र त्या झोतापासून लांब ठेवा. वापरलेला फोन घेताना मालकाच्या परवानगीने २० मिनिटं सलग ४के चालवून बघा. ज्याची बॅटरी दमलीय तो इथेच उघडा पडतो.

पायरी ७ : वापरलेल्या फोनाची एक खास तपासणी

मुंबईत कितीतरी फोन मोटरसायकलच्या हँडलवर बांधून नकाशा बघत फिरलेले असतात. अॅपलनेच २०२१मध्ये सांगितलंय की जास्त ताकदीच्या मोटरसायकल इंजिनाची कंपनं फोनच्या कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाला आणि फोकसला इजा करू शकतात. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा, फोन बाइकवर लावायचा का. मग फोन टेबलावर टेकवून कॅमेरा चालू करा आणि पडद्यावरची एखादी सरळ रेघ, दाराची चौकट म्हणा, बघत राहा. फोन हलत नसताना चौकट थरथरत असेल किंवा फोकस आतबाहेर करत असेल, तर तो फोन नको. फोन हलवल्यावर आतून हलका टकटक आवाज आला तर घाबरू नका. हलतं भिंग असलेल्या बऱ्याच फोनांत तो येतोच.

क्लॅम्प आणि होल्डर बघायला सीएसएमटीसमोरच्या बोरा बाजारातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत जा. फोन आणि गिंबल दोन्ही सोबत न्या आणि काउंटरवरच लावून बघा. वजनाचे आकडे कागदावर लिहून न्या, कारण विक्रेता म्हणतोच, "सगळे फोन बसतात."

शेवटी काय घेतलं

भाचीने आयफोन १५ घेतला. अल्ट्राचा झूम तिला आवडला होता, पण चालताना वापरायचा म्हणजे दर वेळी कव्हर काढायचं, आणि जुलैमध्ये गिरगावातल्या पावसात उघडा फोन हातात धरून फिरायचं तिला धाडस होईना. गिंबल पावसासाठी बनवलेला नाहीच, म्हणून ती सर आली की आधी गिंबल मिटून पिशवीत टाकते आणि मग फोन.

पहिल्या रविवारी खोताच्या वाडीतून परतल्यावर तिने एक छान गोष्ट केली. फोनच्या कव्हरवर क्लॅम्प जिथे तोल साधतो, तिथे पांढऱ्या चिकटपट्टीच्या दोन बारीक खुणा लावल्या. एक नुसत्या फोनसाठी, दुसरी रिसीव्हर लावलेल्या फोनसाठी. दोन्हींत पाऊण सेंटिमीटरचं अंतर आहे. ती आता काळाघोड्याच्या फुटपाथवर उभी राहूनही अर्ध्या मिनिटात फोन चढवते.